पारी कधी फाटली, हातात की पात्रात?

गेली तीस वर्षं आमच्या घरी गणेश चतुर्थीच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक सासूबाई करत आल्या. नारळ खवणं, सारण ढवळणं, मोदकपात्र लावणं ही कामं माझी. उकडीला मात्र माझा हात कधी लागला नव्हता. यंदा मे महिन्यात त्या पाय घसरून पडल्या आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण उकड मळताना सगळा भार मनगटावर येतो, तो त्यांना यंदा झेपणार नव्हता. चतुर्थी 27 ऑगस्टला होती. म्हणजे हातात दोन महिने. तेवढ्यात मी तीन वेळा उकड काढली, आणि प्रत्येक वेळी पारी फाटण्याचं वेगळं कारण सापडलं. ज्यांना यंदा किंवा पुढच्या वर्षी पहिल्यांदा मोदक करायचेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला प्रयत्न 14 जुलैच्या संकष्टीला, सोमवारी. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) तेव्हा नणंदेकडे नाशिकला होत्या, मी डोंबिवलीत. ऑफिसमधून आल्यावर घरात भाकरीसाठी आणलेलं तांदळाचं पीठ होतं तेच घेतलं. एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घातलं. भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसायला लागले तसा गॅस बंद केला, एक वाटी पीठ घालून ढवळलं आणि झाकून ठेवलं. हात भाजतील म्हणून चांगली वीस मिनिटं थांबले. मग मळायला घेतलं तर उकड एकत्र येईना. पाण्याचा हात लावला की वरून चिकट व्हायची आणि आतून भुसभुशीतच राहायची. पारी करायला अंगठ्याने दाबलं की कडेला उभ्या भेगा. कळ्या पाडायला चिमटीत धरावं तर तुकडाच हातात यायचा. अकरा मोदक वळले, त्यातले सात वाफवायच्या आधीच चिरलेले होते. चंद्रोदयानंतर नैवेद्य दाखवला, पण मन लागलं नाही.

रात्री आईंना फोन केला. मला वाटलं होतं त्या प्रमाण विचारतील. त्यांनी विचारलं, "पारी कधी फाटली? हातात की पात्रात?"

मी म्हटलं, हातातच.

"मग सारणाकडे बघू नकोस, वाफेकडे बघू नकोस. उकडच कच्ची आहे. उरलेला गोळा आहे ना? मध्ये मोडून बघ."

लिंबाएवढा गोळा उरला होता. मोडला तर आत पांढरे, कोरडे ठिपके होते, खडूच्या भुकटीसारखे. बोटाने चोळले तर पीठ सुटं झालं. बाकीची उकड किंचित पारदर्शक, मळकट पांढरी दिसत होती आणि हे ठिपके दुधासारखे पांढरे. म्हणजे तिथवर उकळतं पाणी पोचलंच नव्हतं.

याचं कारण मला नंतर नीट उमगलं. गव्हाच्या कणकेत पाणी पडलं आणि मळलं की चिवटपणा येतो, म्हणून पोळी ताणली तरी तुटत नाही. तांदळात तो चिवटपणा मुळातच नाही. तांदळाचं पीठ गार पाण्यात कितीही मळा, वाळूच्या किल्ल्यासारखं सुकलं की ढासळणार. त्याला धरून ठेवतो तो त्याच्यातला स्टार्च, आणि तोही फक्त भरपूर गरम पाणी पिऊन फुगला तरच चिकट होतो. तळाला बुडबुडे येणं म्हणजे उकळी नव्हे. त्यात मी गॅस बंद करून मग पीठ घातलं होतं, आणि गार पिठाने पाणी आणखी निवलं. अर्धं पीठ शिजलं, अर्धं कच्चं राहिलं, आणि जिथे कच्चं तिथे भेग.

पीठही बदलायचं ठरलं. आई म्हणाल्या, चिमटीत घेऊन चोळून बघ. भाकरीचं पीठ बोटांना रव्यासारखं कचकच लागत होतं. असं जाडं पीठ पाणी पुरतं ओढत नाही आणि त्याची पारी पातळ केली की कडेला झालर फाटते. तयार मोदकाची पिठी मिळते, पण आमच्याकडे आंबेमोहोर आणून धुऊन, वाळवून, दळून घ्यायची पद्धत आहे.

एक किलो आंबेमोहोर शंभर रुपयांना आणला. दोन पाण्यांनी धुतला, चाळणीत अर्धा तास निथळला, आणि जुन्या सुती साडीवर पंख्याखाली पसरला. उन्हात टाकायचा नाही, सावलीतच वाळवायचा. जुलैच्या दमट हवेत त्याला पूर्ण दोन दिवस लागले. दाताखाली कट्‌कन तुटला की वाळला असं समजायचं; ओलसर दळला तर पिठी जात्याला चिकटते आणि डब्यात लवकर वास धरते. आपण ऑगस्टच्या तोंडावर हे करणार, तर एक दिवस धरून चालू नका.

गिरणीतही एक फेरी फुकट गेली. तांदळाआधी जात्यावर ज्वारी किंवा गहू गेला असेल तर ते पीठ आपल्या पिठीत मिसळतं आणि मोदक काळपट होतात. गिरणीवाले काका म्हणाले, मोदकाची पिठी शनिवारी सकाळी एकत्र काढतो, तेव्हा या. शनिवारी गेले तर माझ्याआधी चार डबे होते. तासाभराने पिठी हातात आली, दळणाचे वीस रुपये. घरी येऊन मैद्याच्या चाळणीने चाळली. चिमटीत घेतली तर टाल्कम पावडरीसारखी मऊ लागली.

दुसरा प्रयत्न 12 ऑगस्टच्या अंगारकीला. तोवर आई घरी आल्या होत्या. स्वयंपाकघरात स्टूलवर बसून त्या बघत होत्या आणि मी गॅसपाशी. या वेळी उकळीबाबत कसूर करायची नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. दोन वाट्या पाणी मोठ्या गॅसवर ठेवलं आणि एकीकडे सारणाचा गूळ चिरत राहिले. पाणी खळखळून उकळत होतं, उकळू दिलं. सात-आठ मिनिटांनी त्यात दोन वाट्या पिठी घातली. आईंनी तेवढ्यात विचारलं, "पाणी मोजून घातलंस, पण आता किती उरलंय ते बघितलंस का?"

मी पाहिलंच नव्हतं. उघड्या भांड्यात इतका वेळ खळखळल्यावर चांगलं पाव वाटी तरी पाणी वाफ होऊन गेलं असणार. उकड काढल्यावर ते लगेच कळलं. या वेळी आत पांढरे ठिपके नव्हते, पिठी सगळी शिजली होती, पण गोळा घट्ट, आणि चपटा केला की कड खडबडीत. मी नळाचं पाणी घ्यायला हात पुढे केला तर आईंनी थांबवलं. गार पाण्याने शिजलेली उकड जागच्या जागी आखडते, ते पाणी आत मुरत नाही, नुसतं वर चिकट थर होतो. त्यांनी वाटीभर पाणी उकळायला लावलं आणि ते एकेक चमचा गोळ्यावर सोडायला सांगितलं. चार चमच्यांत उकड सैल झाली.

मळायचं कसं हेही त्या दिवशी शिकले. उकड गरम असतानाच मळायची, कारण ती निवत जाते तशी कडक होत जाते. मी पहिल्यांदा वीस मिनिटं थांबले होते ती मोठी चूक होती. आईंनी स्टीलची वाटी दिली. तिच्या बुडाला तेल लावून गरम उकड परातीत दाबत, रेटत पुढे न्यायची, गोळा करायची, परत रेटायची. दोन-तीन मिनिटांत हात लावण्याइतकी निवते. मग एका भांड्यात कोमट पाणी आणि त्यात चमचाभर तेल घेऊन, त्यात तळवे बुडवून सात-आठ मिनिटं मळायची. तेल नुसतं हाताला चिकटू नये एवढंच. जास्त झालं तर कळ्या टोकाशी एकमेकींना धरत नाहीत आणि मोदक शेंड्याला उघडतो. हेही त्या दिवशी एकदा झालं.

उकड झाली की नाही हे कसं ओळखायचं? आईंनी डाव्या हातात सुपारीएवढी गोळी घेतली, तळव्यावर गोल फिरवली. पृष्ठभागावर एकही रेघ नाही. मग अंगठ्याने दाबून रुपयाएवढी चपटी केली आणि उजेडाकडे धरून कड दाखवली. कड कपड्याच्या दुमडीसारखी गुळगुळीत होती. "इथे दातरे दिसले तर अजून चमचाभर गरम पाणी आणि दोन मिनिटं मळ. मोदक वळायला बसू नकोस." ही परीक्षा मी आता कधीच चुकवत नाही. उकडीतला दोष इथे दुरुस्त होतो, पारी झाल्यावर होत नाही.

तर अंगारकीचे पहिले आठ मोदक सुरेख झाले. नवव्यापासून परत कडा चिरायला लागल्या. उकड तीच, हात तोच. मी गोंधळले. आई म्हणाल्या, घड्याळ बघ. एक मोदक वळायला मला चार मिनिटं लागत होती, म्हणजे नववा घेईपर्यंत अर्धा तास उलटला होता, आणि इतका वेळ उकड पंख्याखाली परातीत उघडी पडली होती. त्यांचे हात चालतात तेव्हा एकवीस मोदक पाऊण तासात होतात, म्हणून त्यांना कधी अडचण आली नव्हती. नवशिक्याने मात्र उकड थोडी थोडी काढावी, हे आम्हा दोघींना त्या दिवशी कळलं. उरलेली उकड थोडं गरम पाणी लावून पुन्हा मळली आणि ओल्या पंचाखाली झाकली. काम निभावलं.

रविवारी, 17 ऑगस्टला, मुद्दाम एकाच वाटीची उकड काढली. नैवेद्य नाही, सण नाही, नुसता सराव. पाणी झाकण ठेवून उकळलं, खळखळ उकळी आली तसा गॅस बारीक करून लगेच एक वाटी पिठी घातली, लाटण्याच्या टोकाने भराभर ढवळलं, सुकं पीठ कुठे दिसेनासं झालं की झाकण ठेवून दोन मिनिटं मंद वाफ. मग गॅस बंद आणि झाकण न उघडता पाच मिनिटं. या दोन मिनिटांच्या वाफेने पिठी पुरती शिजते, ती टाळू नका. उकड लोण्यासारखी झाली. पारी एकही फाटली नाही. मी खूश होऊन मोदक पात्रात लावले आणि बारा मिनिटांनी उघडलं तर दहापैकी तीन तळाशी उकललेले, गुळाचा पाक केळीच्या पानावर आलेला.

आईंचा प्रश्न पुन्हा तोच, आणि या वेळी उत्तर वेगळं. पात्रात फाटले म्हणजे उकडीचा दोष नाही.

फाटलेला एक मोदक त्यांनी उभा कापला. आतलं दृश्य अगदी बोलकं होतं. वर कळ्यांपाशी पारी जाड, दोन थरांची, आणि तळाशी पोस्टकार्डाएवढी पातळ. मी पारी करताना दोन्ही अंगठे मधोमध दाबून वाटी खोल करत होते, त्यामुळे बूड सगळ्यात पातळ होत होतं. सगळं वजन मात्र बुडावरच येतं. पारी करताना बूड जाडसर ठेवून बोटं कडेकडेने फिरवायची आणि कडा पातळ करायच्या, कारण कळ्या पाडल्या की कडा आपोआप दुणावतात.

दुसरी गोष्ट सारणाची. त्या दिवशी मी ते घाईने उतरवलं होतं. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ घेतला होता, ते प्रमाण बरोबर होतं, पण गूळ विरघळून सुटलेलं पाणी आटायच्या आत गॅस बंद केला. शिवाय सारण कोमट असतानाच भरलं. ओलं सारण वाफेत पातळ होऊन बुडाशी साचतं आणि पातळ बूड त्याला धरत नाही. सारण कढईच्या कडा सोडायला लागलं, चमच्याने बाजूला सारलं की तळाशी पाक वाहत आला नाही, म्हणजे उतरवायचं. पूर्ण गार होऊ द्यायचं. फार आटवलं तर गार झाल्यावर चिक्कीसारखं कडक होतं आणि त्याचे टोकदार कण पारीला भोकं पाडतात, तेव्हा तेही नको.

यंदा नारळ महाग होते, मला तीन नारळ एकशे ऐंशी रुपयांना पडले. म्हणून सरावाच्या वेळी सारण अर्धंच केलं आणि बाकीच्या पाऱ्या रिकाम्या वळून वाफवल्या. पारी शिकायला तेवढं पुरतं.

27 ऑगस्ट, बुधवार. साडेचारला उठले, आंघोळ करून आधी सारण केलं आणि ताटात पसरून गार करायला ठेवलं. वेलची आणि जायफळ उतरवल्यावर घातलं. मोदकपात्रात पाणी घालून ठेवलं, केळीचं पान चाळणीच्या मापाने कापून त्याला तुपाचं बोट लावलं. साडेसहाला पहिली उकड, एकाच वाटीची. दुसरी उकड पहिला घाणा वाफेवर गेल्यावर काढायची असं ठरवलं होतं.

पहिल्या वाटीत दहा मोदक आणि एक करंजी झाली. मोदकांबरोबर एक करंजी करायची आमच्याकडे पद्धत आहे. मळलेली उकड डब्यात, वर ओला पंचा, एका वेळी एकच लाटी बाहेर. वळलेले मोदकही ओल्या फडक्याखाली, कारण वाट बघत बसलेला मोदक वाळतो आणि वाफ लागताच वरून चिरतो. पात्रात लावायच्या आधी प्रत्येक मोदक गार पाण्यात अलगद बुडवून काढला. हे आईंनी फार ठासून सांगितलं होतं. त्याने वरची त्वचा ओली राहते, मोदकाला चकाकी येते आणि ते पानाला चिकटत नाहीत. दोन मोदकांत बोटभर अंतर ठेवायचं, फुगून टेकले की सोडवताना पारी निघते.

पात्रातलं पाणी आधीच उकळलेलं हवं. गार पाण्यावर ठेवले तर वाफ येईपर्यंत मोदक नुसते गरम हवेत वाळतात. झाकणाला पंचा बांधला, म्हणजे आत जमलेलं पाणी थेंब थेंब मोदकांवर पडत नाही. मध्यम गॅसवर बारा मिनिटं, मग गॅस बंद करून तीन मिनिटं तसेच ठेवले. उघडल्यावर ओलं बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही. करंजीसकट अकराही जण अखंड होते. माझे हात थरथरत होते, खरंच.

दुसऱ्या घाण्यात अकरा. त्यातल्या एकाची कळी शेंड्याला किंचित उघडली होती, तो मी बाजूला काढत होते. आईंनी तो ताटात परत ठेवायला सांगितला. एकवीस पुरे व्हायला तो हवाच होता. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर घालून निवगऱ्या केल्या आणि त्याच पात्रात वाफवल्या.

आरती झाल्यावर आईंनी त्यांच्या वाट्याचा मोदक डाव्या हातात घेतला, शेंडा मोडून आत तुपाची धार सोडली आणि खायच्या आधी बूड बोटाने दाबून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "पुढच्या संकष्टीला दीड वाटीची काढ. आता तुझा हात वेगाने चालेल."

अर्धा किलोवर पिठी उरली आहे. स्टीलच्या डब्यात भरून, वर दळल्याची तारीख लिहून ठेवली आहे.